बेकरीचा ब्रेक-इव्हन काढला, कागदावर नफा दिसतो पण गल्ल्यात नाही. भाव वाढवू की कमी करू?

सकाळची_भट्टी

नमस्कार मंडळी. मी आणि माझी जाऊ मिळून छोटी बेकरी चालवतो, तीन वर्षं झाली. सध्या फक्त ब्रेडच करतो. भाव बदलायचाय आणि दोघींचं एकमत होत नाहीये म्हणून इथे विचारते. ती म्हणते भाव कमी करू म्हणजे खप वाढेल, मी म्हणते थोडा वाढवू.

खरे आकडे देत नाही, एका ब्रेडची विक्री किंमत १०० धरली आणि बाकी सगळं त्याच पटीत लिहिलंय, म्हणजे हिशोब समजायला सोपा जाईल.

एका ब्रेडला मैदा, यीस्ट, बटर, साखर, मीठ मिळून ३४ लागतात, पिशवी आणि लेबल ४, भट्टीचा गॅस २. एकूण ४०. म्हणजे एका ब्रेडमागे ६० सुटतात. महिन्याचा ठरलेला खर्च असा: भाडं २०,०००, दोन मदतनीस ३०,०००, लाइटबिल ५,४००, कर्जाचं व्याज ४,०००, किरकोळ ३,०००. बेरीज ६२,४००. ६२,४०० भागिले ६० म्हणजे १,०४० ब्रेड, महिन्यात २६ दिवस दुकान उघडं असतं तर रोज ४० ब्रेड विकले की आम्ही ना नफा ना तोटा.

आम्ही रोज सरासरी ५० विकतो. म्हणजे वरच्या १० ब्रेडचे रोज ६०० सुटायला हवेत, महिन्याला १५,६००. पण महिन्याअखेर बघावं तर पाच हजाराच्या आसपास उरतात, कधी त्याहून कमी. चोरी वगैरे काही नाही, गल्ल्यावर आम्ही दोघीच असतो. चुकतंय कुठे? हे कळल्याशिवाय भावाला हात लावायची भीती वाटते.

रवा_मैदा

ताई, मी २० वर्षं दुकान चालवलंय, माझं ऐका, बेकरीत मार्जिनच्या मागे लागायचं नसतं, खपाच्या मागे लागायचं. भाव १०० चा ९० करा, गिऱ्हाईक आपोआप वाढतं. जास्त माल निघाला की भाडं-पगार जास्त ब्रेडवर वाटला जातो आणि एकेक ब्रेड स्वस्त पडायला लागतो. तुमच्या जाऊबाईंचं बरोबर आहे.

केकवाली

मी घरून ऑर्डरचे केक करते. मला वाटतं तुम्ही केक सुरू करा, ब्रेडमध्ये काय मिळतं? माझ्याकडे ऑर्डर आल्याशिवाय मी ओव्हन लावतच नाही, आगाऊ निम्मे पैसे घेते, त्यामुळे माझ्या हिशोबात जेवढं कागदावर तेवढंच हातात. तुमच्यासारखा घोळ कधी झाला नाही.

हिशेबवही

केकवाली ताईंनी केक सुचवला तो वेगळा विषय आहे, पण त्यांच्या लिहिण्यात उत्तर दडलंय: त्या ऑर्डर आल्यावरच भाजतात. सकाळची_भट्टी, तुम्ही विकता ५० हे कळलं, पण भाजता किती? आणि उरलेल्याचं काय करता?

सकाळची_भट्टी

६० भाजतो. भट्टीत एका वेळी २० बसतात, पहाटे तीन घाणे निघतात. रोज साधारण १० उरतात. दुसऱ्या दिवशी शिळा ब्रेड ताजा म्हणून विकायचा नाही हे आम्ही पहिल्यापासून ठरवलंय, त्यामुळे उरलेला वाटून टाकतो.

हिशेबवही

मग हेच ते. तुमचा ४० चा खर्च भाजलेल्या ब्रेडमागे आहे आणि १०० ची आवक विकलेल्या ब्रेडमागे, आणि तुम्ही वजाबाकी करताना दोन्ही एकच धरलेत.

एका दिवसाचा हिशोब मांडा. ५० विकले, आले ५,०००. ६० भाजले, गेले २,४००. राहिले २,६००. ते ५० ने भागा, एका विकलेल्या ब्रेडमागे सुटतात ५२, ६० नाही. उरलेल्या १० ब्रेडचे ४०० विकलेल्या ५० च्या डोक्यावर बसतात, प्रत्येकी ८.

आता ६२,४०० ला ५२ ने भागा. १,२०० ब्रेड, म्हणजे रोज ४६ ते ४७. तुम्ही महिन्याला १,३०० विकता, म्हणजे रेषेच्या वर फक्त १००. १०० गुणिले ५२, ५,२००. तुमच्या गल्ल्यात जे दिसतंय तेच. तुमची बेरीज-वजाबाकी ठीकच होती, फक्त उरलेला माल खर्चाच्या यादीतून सुटला होता.

आणि याचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा आहे. तुम्हाला वाटत होतं की रोज १० गिऱ्हाइकं कमी झाली तरी तोटा नाही. प्रत्यक्षात तीन-चार कमी झाली की तुम्ही रेषेवर आलात.

सकाळची_भट्टी

बापरे. इतका सरळ होता हिशोब. उरलेल्या ब्रेडचा पैसा "गेला तो गेला" म्हणून सोडून द्यायचो आम्ही, कुठे लिहिलाच नाही. पण मग भावाचं काय करू?

रवा_मैदा

मी म्हटलं तेच. ९० करा.

हिशेबवही

काका, खप वाढल्यावर भाडं जास्त ब्रेडवर वाटलं जातं हे तुमचं बरोबर आहे, पण किती खप वाढला तर हे परवडेल तो आकडा आधी काढायला हवा. आज रोज २,६०० सुटतात. भाव ९० केला आणि रोज १० उरायचं प्रमाण तेच राहिलं असं धरू. मग ६० विकून ७० भाजावे लागतील: ५,४०० वजा २,८००, बरोबर २,६००. म्हणजे भाव १० टक्के उतरवल्यावर खप २० टक्के वाढला तरी हातात एक दाणा जास्त नाही, नुसती मेहनत वाढली. त्यापुढे विकेल तो फायदा.

आणि ७० भाजायचे म्हणजे भट्टीत २० बसतात तर चौथा घाणा लावावा लागणार, तोही अर्धा रिकामा. पहाटे तासभर आधी कुणीतरी यायला लागणार. तो खर्च मी वर धरलेलाच नाही.

गुणाकार

वाढवायची बाजूही बघा. ११० केला तर? गिऱ्हाईक किती तुटलं तरी चालेल हा प्रश्न आहे. ४३ विकले आणि ५३ भाजले तर ४,७३० वजा २,१२०, म्हणजे २,६१०. ५० तली ७ गिऱ्हाइकं गेली तरी आजच्याइतकेच सुटतात.

पण इथे एक अडचण आहे, लोक तिथेच फसतात. भाव वाढवला आणि सवयीने ६० च भाजत राहिलात, तर ४६ विकावेच लागतात, म्हणजे फक्त ४ गिऱ्हाइकं गमवायची मुभा. भाव वाढवताना त्याच दिवशी घाणा लहान केला नाही तर निम्मा फायदा उरलेल्या ब्रेडमध्ये जातो.

सकाळची_भट्टी

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण ७ जातील की १५ हे कसं कळणार? आमच्याकडे येणारे बरेचसे रोजचेच आहेत, त्यांच्याशी बोलणं होतं, पण विचारलं तर कोणीही म्हणेल की वाढवू नका.

हिशेबवही

विचारून कळत नाही, करून कळतं, आणि करायचं तर तीन-चार आठवडे तरी द्यायचे, कारण पहिल्या आठवड्यात लोक रागावतात आणि दुसऱ्यात परत येतात, किंवा उलट पहिल्यात काही बोलत नाहीत आणि हळूहळू येणं थांबवतात. हिशोब एवढंच सांगतो की किती तुटले तर थांबायचं. खरोखर किती तुटतील ते हिशोबातून निघत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर भावाला हात लावायच्या आधी घाणा ठरवला असता. तुमच्याकडे रोजच्या विक्रीची वही आहे का? सरासरी नको, प्रत्येक दिवसाचा आकडा हवा.

सकाळची_भट्टी

आहे. जाऊ लिहिते. गेल्या महिन्याचे २६ दिवस बघितले. ३ दिवस सगळे ६० संपले, ते तिन्ही शनिवार होते. आणखी ३ दिवस ५७, ४ दिवस ५३, ६ दिवस ४९. बाकीचे १० दिवस ४७ च्या आत, एकदा तर ४० च गेले. सगळ्या महिन्याची बेरीज १,३००.

हिशेबवही

वहिनींना माझा नमस्कार सांगा, ही वही फार कामाची आहे.

आता असं बघा. एक जादा ब्रेड भाजला आणि विकला गेला तर ६० मिळतात, नाही गेला तर ४० जातात. म्हणजे दहातल्या चार दिवशी जरी तो खपला तरी तो भाजणं अंगाशी येत नाही, त्याहून कमी दिवस खपत असेल तर तो न भाजलेला बरा. २६ दिवसांचे चाळीस टक्के म्हणजे १० दिवसांहून थोडं जास्त. तुमच्या वहीत ५३ किंवा जास्त विक्री झालेले दिवस आहेत १०. म्हणून साधारण ५२ भाजायचे, ६० नाही.

५२ भाजले असते तर गेला महिना कसा गेला असता? वरचे १० दिवस ५२ वर अडकले असते, ५२०. सहा दिवस ४९ म्हणजे २९४. उरलेले दहा दिवस ४४३. एकूण १,२५७ विकले. म्हणजे ४३ गिऱ्हाइकांना ब्रेड संपला म्हणून परत पाठवलं. तरी १,२५,७०० वजा ५४,०८० म्हणजे ७१,६२० सुटले असते, आत्ताच्या ६७,६०० ऐवजी. चार हजार जास्त, भाव न बदलता. ब्रेड संपल्याची पाटी लावावी लागली की दुकानदाराला वाईट वाटतं, पण रात्री फडताळावर उरलेल्या ब्रेडने होणारं नुकसान डोळ्यांना दिसत नाही म्हणून तसं वाटत नाही.

गुणाकार

एक दुरुस्ती. गॅसचे २ ब्रेडमागे नाहीत, घाण्यामागे आहेत. तिसऱ्या घाण्यात २० च्या ऐवजी १२ ठेवले तरी भट्टी तेवढीच तापवावी लागते. म्हणजे एक ब्रेड कमी केल्यावर वाचतात ३८, ४० नाही. चार हजारातले चारेकशे कमी करा. बाकी पटतं.

आणि ते तिन्ही दिवस शनिवारच असतील तर सगळ्या दिवसांना एकच आकडा कशाला? शनिवारी ६० ठेवा किंवा थोडे वाढवून बघा, कारण ६० संपले तेव्हा आणखी किती गेले असते ते वहीत दिसतच नाही. संपायची वेळ लिहा. सकाळी नऊला संपणं आणि दुपारी एकला संपणं यात फार फरक आहे.

केकवाली

उरलेला ब्रेड वाटून टाकण्यापेक्षा टोस्ट करून विका ना, मी केकच्या कडा कापलेल्या असतात त्याचे पण काहीतरी करते. मग सगळे ६० भाजलेत तरी चालेल.

हिशेबवही

केकवाली ताई, टोस्टची सूचना चांगली आहे, हिशोब बदलतो त्याने. पुन्हा भाजायचा गॅस आणि पिशवी वजा जाता समजा एका ब्रेडमागे २० सुटले, तर उरलेल्या ब्रेडचं नुकसान ४० ऐवजी २०. मग चारात एकदा खपणारा ब्रेडसुद्धा भाजायला हरकत नाही, म्हणजे ५२ च्या जागी ५६-५७ भाजता येतील. पण टोस्ट रोज विकले जायला हवेत, नाहीतर शिळ्या ब्रेडऐवजी शिळे टोस्ट साठतील.

रवा_मैदा

हे सगळं ठीक आहे पण ताईंचा मूळ खर्च बघा. ४० माल, उरलेल्याचे ८, आणि ६२,४०० भागिले १,३०० म्हणजे ४८ ठरलेला खर्च. एक ब्रेड ९६ ला पडतोय! १०० ला विकून ४ च मिळतात. म्हणून मी म्हणतो खप वाढवा.

सकाळची_भट्टी

काका, हा आकडा बरा काढलात कारण माझा दुसरा प्रश्न तोच होता. जवळच्या एका कॅन्टीनने रोज २० ब्रेड मागितलेत, ६५ ला. मी सांगितलं की मला ९६ च्या आसपास पडतो, ६५ ला कसा देऊ. अजून नाही म्हटलेलं नाही, विचार करते म्हणाले.

रवा_मैदा

अजिबात देऊ नका. एका ब्रेडमागे ३१ खिशातून घालणार, वर रोज २०. बुडाल.

हिशेबवही

काका, ९६ हा आकडा १,३०० ब्रेड विकले जातात तोवरच खरा आहे. उद्या खप रोज ४० वर आला तर तोच ४८ चा वाटा ६० होतो, आणि ब्रेड महाग पडतोय म्हणून भाव वाढवला की आणखी गिऱ्हाईक जातं आणि वाटा आणखी वाढतो. भाडं आणि व्याज कॅन्टीनला ब्रेड दिला तरी तेवढंच आहे, नाही दिला तरी तेवढंच.

म्हणून कॅन्टीनच्या २० ब्रेडमुळे जे नव्याने जातं तेवढंच धरा. सुट्या पिशव्या लागणार नाहीत, क्रेटमध्ये जाईल, म्हणजे ३६. सांगून घेतलेला माल, उरायचा प्रश्न नाही. ६५ वजा ३६, २९ सुटतात. रोज २० आणि २६ दिवस, १५,०८०. यातून चौथ्या घाण्यासाठी मदतनिसाला पहाटे तासभर आधी बोलवायचे पैसे वजा करा.

सकाळची_भट्टी

त्याच्याशी बोलले होते, महिन्याला ४,००० जादा मागतोय.

हिशेबवही

मग ११,०८० उरतात. आज महिन्याला ५,२०० उरतात त्याच्या दुपटीहून जास्त.

आता यात दोन ठिकाणी धोका आहे. पहिला म्हणजे कॅन्टीनमध्ये खाणारे आणि तुमच्या दुकानात येणारे तेच लोक असतील तर. ११,०८० म्हणजे रोज ४२६. काउंटरवर एक गिऱ्हाईक तुटलं की ६० जातात. रोज सात गिऱ्हाइकं कॅन्टीनकडे वळली की सगळा फायदा पुसला. दुसरा म्हणजे आज भट्टी रिकामी आहे म्हणून ६५ परवडतात. उद्या काउंटरचा खप वाढून चौथा घाणाही तिथेच लागायला लागला तर प्रत्येक कॅन्टीनचा ब्रेड एका काउंटरच्या ब्रेडची जागा खाईल, आणि तेव्हा ६५ चा भाव महाग पडेल. म्हणून वर्षाचा शब्द देऊ नका, तीन-तीन महिन्यांचा द्या.

गुणाकार

मला इथे एक पटत नाही. मदतनिसांचे ३०,००० तुम्ही सगळेच ठरलेला खर्च धरताय, आणि या दोघी पहाटेपासून राबतात त्यांचा पगार तर कुठेच नाही. प्रत्येकीला १५,००० धरा. ठरलेला खर्च ९२,४०० होतो, ५२ ने भागले की १,७७७ ब्रेड, रोज ६८. तीन घाण्यांत निघतातच ६०. म्हणजे आहे त्या भावात, आहे त्या तीन घाण्यांत यांचा पगार कधीच सुटणार नाही. ब्रेक-इव्हन ४६ म्हणून खूश व्हायचं की ६८ म्हणून घाबरायचं?

हिशेबवही

भाव ठरवताना, ऑर्डर घेताना मी त्यांचा पगार धरणार नाही, कारण ९० ला विकला काय आणि ११० ला विकला काय, त्या दोघी तितक्याच वेळ दुकानात आहेत. दुकान चालू ठेवायचं की नाही हे ठरवताना मात्र धरीन. दोन वेगळे प्रश्न आहेत.

गुणाकार

कागदावर दोन प्रश्न आहेत हो. पण पगार न धरता ठरवलेला भाव वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि मग दुकान चालतं, मालक फुकट राबतो. माझ्या काकूचं असंच झालं, तिने नऊ वर्षांनी पहिल्यांदा स्वतःचे तास मोजले. मी तरी भाव ठरवतानाच धरीन.

केकवाली

मी माझे तास धरते, म्हणून माझे केक महाग आहेत आणि म्हणूनच ऑर्डर कमी आहेत. दोन्ही खरं आहे.

सकाळची_भट्टी

पगाराचं वाचून जाऊ आणि मी बराच वेळ काही बोललोच नाही. ते आम्हाला आपसात ठरवावं लागेल, इथे उत्तर मिळणार नाही.

उद्यापासून एवढं करतोय: शनिवार सोडून ५२ भाजायचे, संपायची वेळ लिहायची. भाव महिनाभर १०० च. कॅन्टीनशी परत बोलले, ते ६५ वर ठाम आहेत पण आता म्हणतात की पैसे ४५ दिवसांनी देऊ. हा अनुभव कुणाला आहे का?

रवा_मैदा

हा मला आहे. ताई, ऑर्डर परवडत नाही हे मी मघाशी चुकीचं धरलं होतं, हिशेबवहींचं पटलं. पण उधारीचं नीट ऐका. २० ब्रेडचा माल ३६ ने महिन्याला १८,७२० आणि मुलाचे ४,०००, म्हणजे २२,७२० महिन्याला तुमच्या खिशातून जाणार. पहिला पैसा यायला दीड महिना, तोवर ३४ हजार तुमचे त्यांच्याकडे अडकलेले, आणि ऑर्डर चालू आहे तोवर ते अडकूनच राहणार. तुमच्याकडे महिन्याला ५ हजार उरतात. मैद्यावाला ४५ दिवस थांबतो का हे आधी विचारा. माझा थांबत नव्हता, मी तेव्हा गल्ल्यातले पैसे त्याला देत गेलो आणि एका महिन्यात भाडं थकलं, नफ्यात असताना थकलं.

सकाळची_भट्टी

मैद्यावाला १५ दिवस थांबतो. म्हणजे कॅन्टीनला १५ दिवसांवर आणता आलं तरच. उद्या दुपारी जाऊन बोलते, नाही जमलं तर १० ब्रेडनी सुरुवात करू का विचारते, ते तिसऱ्या घाण्यात ५२ च्या वर ८ बसतातच, दोनच जास्त होतील.

गुणाकार

मग दोन काउंटरचे कमी करा आणि ५० भाजा, चौथा घाणा लागणारच नाही आणि मुलाचे ४,००० वाचतील. १० ब्रेडचे २९ ने महिन्याला ७,५४० होतात, त्यातून ते दोन काउंटरचे गेले त्याचं नुकसान वहीवरून काढा. शनिवारी मात्र भट्टी ६० वरच भरते, त्या दिवशी कॅन्टीनला ब्रेड लागतो का ते उद्याच विचारून घ्या.